बेरीज शंभराच्या पुढे का जाते?
एकाहून अधिक उत्तरे असलेल्या प्रश्नांची टक्केवारी : प्रस्तावना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ साली, देशभरातल्या सहा लाखांहून अधिक घरांची माहिती गोळा झाली. घरात कोणी आजारी पडले की साधारणपणे उपचाराला कुठे जाता, असा एक प्रश्न त्यात होता. ५५ टक्के घरे सहसा सरकारी दवाखान्यात जात नाहीत, असे उत्तरांवरून दिसले. या घरांना पुढचा प्रश्न विचारला गेला : का जात नाही? त्यांतल्या ४८ टक्के घरांनी उपचारांचा दर्जा चांगला नसल्याचे सांगितले. ४५ टक्के घरांनी जवळपास सरकारी दवाखाना नसल्याचे सांगितले आणि ४१ टक्के घरांनी फार वेळ ताटकळावे लागते असे सांगितले.

हे तीन आकडे मिळवून पाहिले तर बेरीज १३४ येते. दवाखान्याची वेळ सोयीची नसणे, कर्मचारी जागेवर नसणे आणि इतर कारणे अजून यात धरलेलीच नाहीत. शाळेत टक्केवारी शिकताना सगळे भाग मिळून शंभर होतात हे आपल्या मनावर इतके ठसलेले असते की १३४ पाहताच तक्ता चुकला असावा असे वाटते. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असते : ‘एकाहून अधिक उत्तरे देण्याची मुभा असल्याने टक्केवारीची बेरीज शंभराहून अधिक होऊ शकते.’ बहुतेक वाचक ती वाचतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. ही पुस्तिका त्या एका ओळीसाठी लिहिली आहे. कारण ती ओळ तक्त्यातल्या आकड्यांचा अर्थ सांगते, आणि ती नीट समजली नाही तर बरोबर आकड्यांवरून चुकीचे निष्कर्ष निघतात. असे निष्कर्ष संस्थांच्या अहवालांत, वर्तमानपत्रांत आणि महाविद्यालयीन प्रकल्पांत सारखे दिसतात.

प्रश्न कसा विचारला जातो, तिथून सुरुवात करू. हे सर्वेक्षण केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वयित केले. १९९२-९३ च्या पहिल्या फेरीपासून ते काम याच संस्थेकडे आहे. अशा सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्यांत एक शिरस्ता पाळला जातो. ज्या प्रश्नाला एकच उत्तर घ्यायचे असते त्याच्या पर्यायांना अंक दिलेले असतात आणि ज्याला अनेक उत्तरे चालतात त्याच्या पर्यायांना इंग्रजी अक्षरे दिलेली असतात. अंक दिसले की मुलाखत घेणाऱ्याने एकावर थांबायचे. अक्षरे दिसली की माणूस जे जे सांगेल ते सगळे नोंदवायचे आणि ‘आणखी काही कारण?’ असेही विचारायचे. सरकारी दवाखान्यात का जात नाही, हा प्रश्न अक्षरांचा आहे. मुलाखत घेणारा पर्याय वाचून दाखवत नाही. समोरचा आपल्या शब्दांत बोलतो आणि त्याच्या बोलण्यातली कारणे प्रश्नावलीतल्या पर्यायांपुढे नोंदवली जातात.

ग्रामसभेत हात वर करून मत घेताना जे घडते तेच इथे घडते. सरपंचांनी विचारले, दवाखाना लांब पडतो असे कोणाकोणाला वाटते? काही हात वर गेले, मोजले, खाली आले. मग विचारले, रांगेत फार वेळ जातो असे कोणाकोणाला वाटते? पुन्हा हात वर गेले, आणि त्यांतले काही हात आधीच्याच माणसांचे होते. प्रत्येक वेळी मोजलेले हात सभेतल्या माणसांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. पण सगळ्या प्रश्नांचे हात मिळवले तर ते माणसांपेक्षा किती तरी जास्त भरतील. यात कोणी दोनदा मोजला गेला असे म्हणता येत नाही. एका प्रश्नाला एक माणूस एकदाच मोजला गेला. अनेक उत्तरांचा प्रश्न म्हणजे वस्तुतः एका प्रश्नाच्या रूपात विचारलेले अनेक ‘हो की नाही’ असे प्रश्न असतात. ४८ टक्के हे त्यांतल्या एका प्रश्नाचे उत्तर आहे आणि त्याला शंभरापर्यंत नेणारा जोडीदार आहे तो ५२, म्हणजे दर्जाची तक्रार न केलेली घरे. ४८ आणि ४५ हे एका शंभराचे दोन तुकडे नाहीत. ते दोन वेगळ्या शंभरांतले आहेत.

आकड्यांवर हे पाहण्यासाठी दहा घरांचे एक कल्पित उदाहरण घेऊ. पाच कारणांना छोटी नावे देऊ : दर्जा, अंतर, रांग, वेळ आणि गैरहजेरी. घरांची उत्तरे अशी आहेत :

१. दर्जा
२. अंतर, रांग
३. दर्जा, रांग
४. अंतर
५. दर्जा, अंतर
६. दर्जा, रांग, वेळ
७. रांग
८. अंतर, दर्जा
९. दर्जा
१०. अंतर, रांग, गैरहजेरी

आता मोजू. दर्जा हे कारण सहा घरांनी सांगितले, अंतर पाच घरांनी, रांग पाच घरांनी, वेळ एका घराने आणि गैरहजेरी एका घराने. घरे दहा आहेत म्हणून टक्के झाले ६०, ५०, ५०, १० आणि १०. बेरीज १८०. आणि एकूण उत्तरे मोजली तर ती भरतात १८. हा योगायोग नव्हे. प्रत्येक टक्क्याच्या छेदात तेच दहा आहेत, म्हणून टक्क्यांची बेरीज म्हणजे सगळी उत्तरे भागिले दहा, गुणिले शंभर. दुसऱ्या शब्दांत, दर घरामागे सरासरी १.८ उत्तरे मिळाली, एवढेच १८० हा आकडा सांगतो. अशा तक्त्याखालची बेरीज शंभराने भागली की दर माणशी सरासरी किती उत्तरे मिळाली ते कळते. बेरीज १०० आली तर सरासरी एक उत्तर मिळाले, २५० आली तर अडीच.

म्हणजे शंभराच्या वरचा भागही माहिती देतो. सर्वेक्षणातले ४८, ४५ आणि ४१ पुन्हा घेऊ. समजा अशा शंभर घरांतल्या प्रत्येकाने या तीनपैकी एकच कारण सांगितले असते, तर बेरीज १०० वर थांबली असती. ती १३४ झाली, म्हणजे ३४ उत्तरे जादा आली. एका घराकडून जास्तीत जास्त दोनच जादा उत्तरे येऊ शकतात, कारण कारणे तीनच धरली आहेत. तेव्हा ३४ जादा उत्तरे यायला निदान १७ घरे लागतातच. मूळ नोंदी न पाहता, केवळ छापील तक्त्यावरून आपल्याला हे खात्रीने कळले की दर शंभरांतल्या किमान १७ घरांना सरकारी दवाखान्यापासून दूर ठेवणारी कारणे एकाहून जास्त होती. प्रत्यक्षात ही घरे १७ पेक्षा जास्तही असू शकतात, कारण काही घरांनी या तिन्हींपैकी एकही कारण सांगितलेले नसेल. आरोग्य खात्याच्या दृष्टीने या गोष्टीला फार महत्त्व आहे. गावाजवळ नवा दवाखाना बांधला तरी रांग आणि दर्जा यांचे प्रश्न ज्यांना सतावतात ती घरे लगेच तिकडे वळतीलच असे नाही.

असे असूनही शंभराच्या पुढची बेरीज पाहून अनेकांचा हात तिला शंभरावर आणण्याकडे जातो. त्यासाठी छेद बदलला जातो. घरांची संख्या छेदात न ठेवता उत्तरांची संख्या ठेवली जाते. आपल्या उदाहरणात दहाऐवजी अठराने भागले की दर्जा ३३.३ टक्के होतो, अंतर आणि रांग २७.८ टक्के, वेळ आणि गैरहजेरी ५.६ टक्के. बेरीज येते १००.१, आणि तो वरचा ०.१ केवळ दशांश जवळच्या अंकाला नेल्यामुळे आला आहे. तक्ता नेटका दिसतो. एसपीएसएससारख्या संख्याशास्त्रीय प्रणालीत अनेक उत्तरांचा तक्ता काढला तर हे दोन्ही प्रकारचे टक्के शेजारशेजारच्या रकान्यांत येतात, आणि शंभराला संपणारा रकाना अनेकदा न तपासता अहवालात उतरवला जातो.

गणिताच्या दृष्टीने तो रकाना चूक नाही, पण तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. दर्जाविषयी किती घरांची तक्रार आहे, असे विचारले तर उत्तर ६० टक्के आहे. सांगितल्या गेलेल्या सगळ्या कारणांमध्ये दर्जाचा वाटा किती, असे विचारले तर उत्तर ३३ टक्के आहे. अहवालात मात्र ‘३३ टक्के घरांची दर्जाविषयी तक्रार आहे’ असे वाक्य लिहिले जाते, आणि त्या वाक्यात ६० टक्के घरांतली जवळपास निम्मी घरे नाहीशी होतात.

याहून मोठी अडचण दोन फेऱ्यांची तुलना करताना येते. समजा पुढच्या वर्षी त्याच दहा घरांत पुन्हा गेलो. या वेळी मुलाखत घेणाऱ्यांनी ‘आणखी काही कारण?’ हे न विसरता, थोडे थांबून विचारले आणि एकूण उत्तरे १८ ऐवजी २४ आली. दर्जाची तक्रार करणारी घरे मात्र तीच सहा राहिली. घरांच्या छेदाने दर्जा ६० टक्केच राहतो. उत्तरांच्या छेदाने तो २४ पैकी ६, म्हणजे २५ टक्क्यांवर येतो. वर्षभरात एकाही घराचे मत बदललेले नसताना ‘दर्जाविषयीची नाराजी ३३ वरून २५ टक्क्यांवर आली’ असा मथळा देता येतो. उत्तरांच्या छेदात प्रत्येक कारणाचा टक्का इतर कारणे किती वेळा सांगितली गेली यावर अवलंबून राहतो. म्हणून घरांविषयी किंवा माणसांविषयी बोलायचे असेल तेव्हा छेदात घरे किंवा माणसेच ठेवावीत आणि बेरीज शंभराच्या पुढे जाऊ द्यावी. पुस्तिकेत पुढे कुठेही नुसते ‘टक्के’ असा शब्द आला तर तो याच अर्थाने घ्यावा.

दुसरी चूक बेरजेचीच, पण ओळींच्या बेरजेची. ‘दर्जा ४८ आणि अंतर ४५, म्हणजे ९३ टक्के घरे दर्जामुळे किंवा अंतरामुळे सरकारी दवाखान्यात जात नाहीत’ असे वाक्य वाचायला सरळ वाटते. आपल्या दहा घरांवर हीच पद्धत वापरून पाहिली तर दर्जा ६० आणि अंतर ५० मिळून ११० टक्के घरे होतात. दहातली अकरा घरे असू शकत नाहीत, म्हणून इथे चूक लगेच डोळ्यांत भरते. ९३ हा आकडा शंभराच्या आत असल्याने चूक झाकली जाते, एवढाच फरक. यादीत पाहिले तर पाचव्या आणि आठव्या घराने दर्जा आणि अंतर ही दोन्ही कारणे सांगितली आहेत. ती दोन घरे दोन्ही ओळींत आहेत. म्हणून खरे उत्तर आहे ६० अधिक ५० उणे २०, म्हणजे ९० टक्के. नववीच्या गणितात संचांचा पाठ शिकताना हेच सूत्र येते : दोन संचांच्या संयोगातले घटक मोजताना दोन्ही संचांत सामाईक असलेले घटक एकदा वजा करायचे.

अडचण अशी की छापील तक्त्यात ते ‘दोन्ही’ कुठेच नसते. ४८ आणि ४५ वरून आपल्याला फक्त सीमा सांगता येतात. दोन्ही कारणे सांगणारे एकही घर नसेल तर ‘दर्जा किंवा अंतर’ म्हणणारी घरे ९३ टक्के होतील. अंतराची तक्रार करणाऱ्या सगळ्याच घरांनी दर्जाचीही तक्रार केली असेल तर ती ४८ टक्क्यांवरच राहतील. खरा आकडा या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि तो शोधायचा तर प्रत्येक घराची मूळ नोंद उघडावी लागते. मूळ नोंद हाती नसेल तर दोन ओळींची बेरीज करू नये. पुस्तिकेत या नियमाला आम्ही कुठेही अपवाद केलेला नाही.

नोंदी हाती असणाऱ्यांची अडचण वेगळी असते. आज महाविद्यालये आणि लहान संस्था गूगल फॉर्मवर प्रश्नावली तयार करतात. त्यात अनेक उत्तरांचा प्रश्न घातला की एका माणसाची सगळी उत्तरे शीटच्या एकाच चौकटीत स्वल्पविरामाने जोडून येतात. हा रकाना जसाच्या तसा गटवार मोजला तर ‘दर्जा’, ‘दर्जा, रांग’ आणि ‘दर्जा, रांग, वेळ’ हे तीन निराळे गट धरले जातात. अशा गटांची बेरीज अगदी शंभर येते आणि त्यामुळे काम बरोबर झाल्याचा भास होतो. पण ‘दर्जा’ गटात फक्त ती घरे उरतात ज्यांनी दर्जाखेरीज दुसरे काहीच सांगितले नाही. आपल्या यादीत अशी घरे दोनच आहेत, पहिले आणि नववे. ६० टक्क्यांचे २० टक्के होतात. त्याऐवजी प्रत्येक कारण वेगळे शोधून मोजायला हवे. दहा घरांची उत्तरे दुसऱ्या ते अकराव्या ओळीत असतील तर सूत्र असे :

```
=COUNTIF(B2:B11,"*दर्जा*")/COUNTA(B2:B11)
```

तिरक्या रेघेआधीचा भाग ‘दर्जा’ हा शब्द असलेल्या चौकटी मोजतो आणि नंतरचा भाग भरलेल्या सगळ्या चौकटी, म्हणजे उत्तर देणारी घरे. सूत्राच्या चौकटीला टक्केवारीचे रूप दिले की ६० टक्के दिसते. एकच काळजी घ्यायची : एका पर्यायाचे शब्द दुसऱ्या पर्यायात पूर्ण येत नाहीत ना, हे पाहायचे. ‘वेळ’ आणि ‘थांबायला लागणारा वेळ’ असे दोन पर्याय असतील तर ‘वेळ’ शोधताना दोन्ही मोजले जातील. याहून भरवशाची रीत म्हणजे प्रत्येक कारणाला स्वतंत्र रकाना द्यायचा आणि त्यात हो असेल तर १, नसेल तर ० लिहायचा. त्या रकान्याची सरासरी म्हणजेच त्या कारणाचा टक्का. एका घराच्या ओळीतल्या १ ची बेरीज म्हणजे त्या घराने दिलेली उत्तरे. ‘दोन्ही’ कारणे सांगणारी घरे मोजायची असली तर तीही या मांडणीत सहज मोजता येतात.

आकडे चित्रात मांडताना हाच घोळ उघड्यावर येतो. वृत्तालेख म्हणजे एका पूर्ण वर्तुळाचे तुकडे, आणि सगळे तुकडे मिळून एक वर्तुळ होते, म्हणून तो एका उत्तराच्या प्रश्नालाच शोभतो. २००९ साली अमेरिकेतल्या फॉक्स शिकागो वाहिनीने रिपब्लिकन पक्षाच्या तीन इच्छुकांविषयीचा वृत्तालेख दाखवला होता. सारा पेलिन ७० टक्के, माइक हकबी ६३ टक्के आणि मिट रॉम्नी ६० टक्के. बेरीज १९३. हे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात, कारण एकाच माणसाला दोघे किंवा तिघेही पसंत असू शकतात. पण वर्तुळात बसवताना ७० टक्क्यांचा तुकडा वर्तुळाच्या एक-तृतीयांशाहून जरासा मोठा झाला. डोळ्यांना दिसणारे प्रमाण आणि छापलेला आकडा यांचा संबंध तुटला. अशा प्रश्नासाठी आडव्या पट्ट्यांचा स्तंभालेख काढावा आणि प्रत्येक पट्टी शून्य ते शंभर या तिच्या स्वतःच्या मापावर आखावी. गूगल फॉर्मदेखील एका उत्तराच्या प्रश्नासाठी आपोआप वृत्तालेख काढतो आणि अनेक उत्तरांच्या प्रश्नासाठी पट्ट्या काढतो. निकाल अहवालात घेताना कोणी त्या पट्ट्या काढून वृत्तालेख घातला तर चूक तिथे शिरते.

छेदाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण शंभराच्या बेरजेकडे लक्ष गेले की ती हमखास निसटते. ४८ टक्के हे देशातल्या सगळ्या घरांचे ४८ टक्के नाहीत. सहसा सरकारी दवाखान्यात न जाणाऱ्या ५५ टक्के घरांनाच कारण विचारले होते. सगळ्या घरांच्या हिशेबात ५५ टक्क्यांचे ४८ टक्के, म्हणजे सुमारे २६ टक्के घरांनी दर्जामुळे सरकारी दवाखाना टाळल्याचे सांगितले. ‘देशातल्या निम्म्या घरांना सरकारी उपचार निकृष्ट वाटतात’ हे वाक्य या तक्त्यातून निघत नाही. जी घरे सरकारी दवाखान्यात जातात त्यांना दर्जाबद्दल काय वाटते हे या प्रश्नाने विचारलेलेच नाही. म्हणून अशा तक्त्यात दोन गोष्टी एकत्र वाचाव्या लागतात : कोणाला विचारले, आणि किती उत्तरे घेतली.

बेरजेतून सरासरी उत्तरांची संख्या कळते असे वर म्हटले. पण त्या संख्येवरून लोकांच्या अडचणी किती आहेत, असा थेट अर्थ काढता येत नाही. ती संख्या लोकांवर जितकी अवलंबून असते तितकीच विचारण्याच्या रीतीवरही असते. पर्याय वाचून दाखवले तर लोक जास्त पर्यायांना हो म्हणतात, आणि मनाने सांगायला लावले तर एक-दोन कारणांवर थांबतात. कागदावर किंवा पडद्यावर पर्यायांची यादी देऊन ‘लागू असतील त्या सगळ्यांवर खूण करा’ म्हटले तर अनेक जण वरच्या काही पर्यायांवर खूण करून पुढे सरकतात. अमेरिकेतल्या जोलीन स्माइथ, डॉन डिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे तपासले होते. तीच यादी एका गटाला खुणा करण्यासाठी दिली आणि दुसऱ्या गटाला प्रत्येक पर्यायापुढे हो किंवा नाही लिहायला लावले. हो-नाही लिहिणाऱ्यांनी जास्त वेळ घेतला आणि जास्त पर्यायांना हो म्हटले. म्हणजे रीत बदलली एवढ्यानेच बेरीज वाढते. एका जिल्ह्याच्या तक्त्याची बेरीज १४० आणि दुसऱ्याची १९० असेल तर दुसऱ्या जिल्ह्यातले लोक जास्त त्रासलेले आहेत असे म्हणण्याआधी तिथे पर्याय वाचून दाखवले होते का, ‘आणखी काही?’ किती वेळा विचारले होते आणि उत्तरांवर ‘फक्त तीन’ अशी मर्यादा होती का, हे पाहायला हवे. तीनच उत्तरे घ्यायची असतील तर बेरीज ३०० च्या पुढे जाऊच शकत नाही, आणि तशी गेली तर नोंदीत चूक आहे.

मग बेरजेवरून चूक कधी ओळखावी? एका उत्तराच्या प्रश्नाची बेरीज ९९.९ किंवा १००.१ आली तर तो साधा पूर्णांकनाचा परिणाम आहे, आणि काळजीचे कारण नाही. तीच १०४ आली तर कुठेतरी दोन पर्याय एका घरासाठी नोंदले गेले आहेत किंवा वेगवेगळ्या ओळींना वेगवेगळा छेद लागला आहे. अनेक उत्तरांच्या प्रश्नाची बेरीज शंभराच्या खाली आली तरी ती चूकच असते असे नाही. ज्यांनी एकही पर्याय निवडला नाही तेही छेदात धरले असतील, किंवा कमी सांगितली गेलेली कारणे तक्त्यातून वगळली असतील, तर बेरीज ७० देखील येऊ शकते. पण कोणत्याही एका ओळीचा टक्का मात्र १०० च्या पुढे कधीच जाऊ शकत नाही. तो गेला तर एकाच घराचे एकच उत्तर दोनदा नोंदले गेले आहे किंवा छेद चुकला आहे. अशा तक्त्यात बेरीज शेवटी तपासावी, आधी प्रत्येक ओळ तपासावी.

पुस्तिकेची पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात : प्रश्न लिहिणे, उत्तरे नोंदवणे, छेद ठरवणे, तक्ता आणि चित्र काढणे, आणि शेवटी वाक्य लिहिणे. शेवटच्या प्रकरणावर आम्ही सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत. ‘एकाहून अधिक उत्तरांची मुभा’ एवढी टीप अपुरी असते असे आमचे ठाम मत आहे. बेरीज शंभराच्या पुढे का गेली हे ती सांगते, पण ती बेरीज वाचायची कशी हे सांगत नाही. या प्रस्तावनेच्या आरंभी आलेल्या आकड्यांच्या तक्त्याखाली आम्ही टीप लिहिली असती तर ती अशी असती :

‘सहसा सरकारी दवाखान्यात न जाणाऱ्या घरांनाच हा प्रश्न विचारला, सर्व घरांत त्यांचे प्रमाण ५५ टक्के. टक्के या घरांच्या संख्येवर काढले आहेत, उत्तरांच्या संख्येवर नाहीत. पर्याय वाचून दाखवले नाहीत. सांगितलेली सर्व कारणे नोंदवली. एका घराची एकाहून अधिक कारणे असू शकतात, म्हणून बेरीज शंभराहून जास्त आहे आणि दोन ओळींचे टक्के मिळवू नयेत.’

टीप पाच वाक्यांची झाली आणि तक्त्याखाली थोडी जागा जास्त लागली. पण ती वाचणाऱ्याला प्रत्येक आकड्याचा छेद कळतो आणि कुठली बेरीज करायची नाही हेही कळते. पुस्तिका वाचून झाल्यावर आपल्या हातातल्या कोणत्याही सर्वेक्षणाच्या तक्त्याखाली वाचकाला अशी टीप स्वतः लिहिता यावी, यासाठी पुढची प्रकरणे लिहिली आहेत.